पासबुकातला पगार आणि हातातला पगार

तीस वर्षांहून अधिक काळ बँकेच्या काउंटरमागे बसल्यावर माणसाला पैशापेक्षा पैशाच्या सवयी अधिक ओळखू येतात. निवृत्तीपूर्वीच्या माझ्या शाखेत दर महिन्याच्या सात तारखेला आठ-दहा तरुण मुली रांगेत दिसत. प्रत्येकीच्या खात्यात त्याच सकाळी पगार जमा झालेला असे आणि प्रत्येक जण एकाच रकमेची स्लिप भरत असे. ना शंभर कमी, ना शंभर जास्त. पैसे काढून त्या बाहेर पडत, तेव्हा रस्त्यापलीकडे स्कूटरवर बसलेला एक मनुष्य हातातल्या वहीत खुणा करीत असे. पगार खात्यात देऊन त्यातला हिस्सा रोखीने परत घेण्याची ही पद्धत आजही बाजारपेठेत सर्रास चालते. कागदोपत्री मालक स्वच्छ असतो आणि मुलगी मात्र घरी अर्धवट पगार घेऊन जाते.

किमान वेतनाचा विषय आपल्याकडे १९४८च्या कायद्यापासूनचा. तो कायदा आणि पगारातील कपातींबाबतचा १९३६चा वेतन प्रदान कायदा हे दोन्ही आता वेतन संहिता, २०१९ मध्ये विलीन झाले आहेत. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. तिच्या बऱ्यावाईटाची चर्चा पुष्कळ झाली आहे. ती येथे करायची नाही. आठ माणसांच्या दुकानातल्या एका नोकराला तिचा नेमका उपयोग काय, एवढेच पाहू.

त्यासाठी एक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावी कापडाच्या दुकानात विक्रीचे काम करणारी एक मुलगी आहे असे समजा. आकडे हिशेब सोपा जावा म्हणून मी धरलेले आहेत. तिच्या कामाचा किमान दर महिना १३,००० रुपये आहे. मालकाच्या पगारपत्रकात तिचा पगार १२,४०० दाखवलेला आहे. त्यातून ‘माल तूट’ म्हणून दरमहा ५०० रुपये कापले जातात आणि खात्यात ११,९०० जमा होतात. त्यांतले ३,००० ती त्याच दिवशी काढून दुकानाच्या मॅनेजरला देते. हातात राहतात ८,९००. एका महिन्यात तिने चार दिवस बिनपगारी रजा घेतली, तेव्हा मालकाने २,००० रुपये वेगळे कापले.

आता एकेक रक्कम तपासू. पहिला फरक ६०० रुपयांचा. तो बहुधा लबाडीने नव्हे, आळसाने पडतो आणि मग सोयीचा म्हणून तसाच राहतो. महाराष्ट्रात किमान वेतनाचे दोन भाग असतात, मूळ दर आणि महागाईशी जोडलेला विशेष भत्ता. मूळ दर वर्षानुवर्षे तोच असतो, पण विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैपासून, नव्याने जाहीर होतो. मालक गेल्या वर्षीच्याच आकड्यावर थांबतो आणि नोकराला भत्ता बदलल्याचा पत्ता नसतो. शिवाय दर पाहताना तीन गोष्टी जुळाव्या लागतात: धंदा कोणता, गाव कोणत्या परिमंडळात येते, आणि काम कुशल, अर्धकुशल की अकुशल. तिसऱ्या ठिकाणी फसगत जास्त. गिऱ्हाईक सांभाळणाऱ्या, बिले करणाऱ्या मुलीला कागदावर ‘मदतनीस’ केले की ती खालच्या वर्गात जाऊन बसते. पदाचे नाव काय आहे यापेक्षा ती रोज काय करते हे महत्त्वाचे. हे दर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात पाहायला मिळतात.

दुसरी रक्कम ५०० रुपयांची, माल तुटीची. महिनाअखेरी दोन साड्या कमी भरल्या की त्यांची किंमत सगळ्या नोकरांवर वाटून टाकायची, हा दुकानदारीतला जुना रिवाज. कायदा तो मानत नाही. नुकसानीपोटी कपात करायची, तर तो माल त्या विशिष्ट नोकराच्या ताब्यात स्पष्टपणे दिलेला असावा लागतो, नुकसान थेट त्याच्याच निष्काळजीपणामुळे झालेले असावे लागते आणि कपातीपूर्वी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. आठ जणांवर सारखी वाटलेली तूट यातल्या पहिल्याच अटीवर अडखळते. दंडाचेही तसेच. कोणत्या चुकीला दंड हे आधी मंजूर करून फलकावर लावलेले असावे लागते, आणि त्या महिन्याच्या पगाराच्या तीन टक्क्यांहून अधिक दंड घेता येत नाही. आपल्या मुलीच्या बाबतीत ही कमाल ३९० रुपये होते. ‘निम्म्यापर्यंत कपात चालते’ असे काही मालक सांगतात, ते अर्धसत्य आहे. पन्नास टक्के ही सर्व कायदेशीर कपातींच्या बेरजेची मर्यादा आहे. बेकायदा कपात त्या मर्यादेत राहिली म्हणून कायदेशीर होत नाही.

तिसरी रक्कम ३,००० रुपयांची. सगळ्या प्रकरणाचा जीव येथे आहे. मालक म्हणेल, मी पूर्ण पगार खात्यात भरला. पुढे तिने पैशाचे काय केले याच्याशी माझा संबंध नाही. या बचावाचे उत्तर संहितेच्या अठराव्या कलमात आहे. नोकराने मालकाला किंवा मालकाच्या हस्तकाला दिलेली कोणतीही रक्कम ही पगारातून केलेली कपातच मानली जाते. पैसे परत देताना ते ‘खुशीने’ दिले म्हटले, मॅनेजरच्या हातात ठेवले किंवा मालकाच्या मेहुण्याच्या खात्यावर मोबाइलवरून पाठवले, तरी प्रश्न एकच उरतो: कायद्याने परवानगी दिलेल्या कपातींच्या यादीत ही बसते का? बसत नाही.

राहिले रजेचे २,०००. ही कपात मात्र रास्त आहे. महिन्याचा दर सव्वीस दिवसांनी भागला की दिवसाचे ५०० येतात. चार दिवसांचे २,००० झाले. दाव्यात ही रक्कम घुसडू नये. आठ आण्याचीही खोटी मागणी केली की मालकाचा वकील त्या आठ आण्यांवरच बोलत राहतो.

म्हणजे दरमहा फरक झाला ६०० अधिक ५०० अधिक ३,०००, एकूण ४,१०० रुपये. वर्षाचे ४९,२००. आठही जणांचे असेच असेल तर चार लाखांच्या जवळपास. इतके पैसे एका लहान दुकानाने वर्षभरात आपल्या नोकरांकडून, तेही त्यांच्या नकळत नव्हे, उसने घेतल्यासारखे आहेत.

आता पुराव्याकडे वळू. पगार पूर्ण दिला हे सिद्ध करण्याची जबाबदारी संहितेने मालकावर टाकली आहे. रोखीने पगार देणाऱ्या मालकाला ही तरतूद जड जाते. पण आपल्या उदाहरणात मालकाकडे बँकेच्या नोंदी आहेत. ११,९०० दिले हे तो सहज दाखवील आणि ३,००० परत गेले हे व्यवहारात मुलीलाच दाखवावे लागेल. येथे पासबुक तिच्या बाजूने बोलू शकते. बारा महिने, पगार जमा झाल्याच्याच दिवशी, नेमके तीन हजार काढलेले. आणि दुकानातल्या दुसऱ्या चार जणींच्या खात्यांतही तीच तारीख, तीच रक्कम. एका खात्यातली नोंद योगायोग म्हणून उडवता येते, पाच खात्यांतली नाही. म्हणून पासबुक दर महिन्याला भरून घ्यावे आणि पैसे कोणाला, कुठे, कोणासमोर दिले ते त्याच दिवशी वहीत लिहावे. ‘उद्या तीन आणायला विसरू नको’ असा मॅनेजरचा मोबाइलवरचा निरोप पुसू नये. मालकाने एटीएम कार्डच ठेवून घेतले असेल तर प्रथम बँकेत जाऊन ते बंद करून नवे घ्यावे. खाते मुलीचे आहे, मालकाचे नाही.

‘पगार पूर्ण मिळाला, काही तक्रार नाही’ अशा कागदावर सही घेतलेली असते, त्याचीही धास्ती बाळगू नये. संहितेने दिलेला हक्क सोडून देणारा करार रद्दबातल असतो.

पुढची गफलत तक्रार आणि दावा यांतली. कामगार निरीक्षकाकडे तक्रार केली की तो दुकानात येतो आणि त्रुटी दाखवतो. मागचे पैसे हवे असतील तर दावाच लागतो. तो ऐकण्यासाठी सरकारने नेमलेला राजपत्रित अधिकारी असतो. तुमच्या जिल्ह्यात तो कोण, हे कामगार आयुक्तांच्या कार्यालयात कळते. अर्ज नोकराला स्वतः करता येतो, संघटनेला करता येतो, निरीक्षकालाही करता येतो. आणि अनेक नोकरांचा मिळून एकच अर्ज चालतो. अर्जाला जोडायचा मुख्य कागद म्हणजे महिनावार तक्ता: देय रक्कम, प्रत्यक्ष मिळालेली, फरक, आणि फरकाचे कारण. त्याआधी मालकाला स्पीड पोस्टाने मागणीपत्र धाडून पावती जपावी.

मुदत तीन वर्षांची आहे. जुन्या किमान वेतन कायद्यात ती अवघी सहा महिन्यांची होती. नोकरी जाईल या भीतीने गप्प बसलेल्या माणसाला हा बदल मोठा आहे. नोकरी सोडल्यावरही त्याला मागे वळून पाहता येते. मात्र संहिता लागू होण्यापूर्वीच्या महिन्यांसाठी ही तीन वर्षे गृहीत धरू नयेत. तेथे उशिराचे कारण लिहून लगेच अर्ज करणे शहाणपणाचे.

निकाल तीन महिन्यांत देण्याचा प्रयत्न व्हावा असे संहिता म्हणते. प्रयत्न म्हणजे हमी नव्हे. फरकाव्यतिरिक्त त्याच्या दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार अधिकाऱ्याला आहे. पण ‘पर्यंत’ हा शब्द लक्षात ठेवावा आणि दहापटीचे स्वप्न पाहू नये. आदेशाविरुद्ध नव्वद दिवसांत अपील करता येते. मालकाने पैसे दिले नाहीत तर वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो आणि जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसुली होते.

लहान मालकाची बाजूही ऐकली पाहिजे. भाडे वाढले, मॉल आले, ऑनलाइन खरेदी आली, परवडत नाही, असे तो म्हणतो आणि पुष्कळदा खरेच म्हणतो. पण या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी मिळाले आहे. १९६१ साली उनिचोयी विरुद्ध केरळ राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, मालकाची ऐपत हा किमान वेतन ठरवतानाचा निकष नाही, असे सांगितले. तो निकाल न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी लिहिला होता. १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात याच न्यायालयाने किमान वेतनापेक्षा कमी पैशात करून घेतलेल्या कामाला वेठबिगार म्हटले. परवडत नसेल तर सात माणसांवर दुकान चालवावे. आठव्याचा पगार आठ जणांच्या खिशातून काढू नये.

बहुतेक प्रकरणे निकालापर्यंत जात नाहीत. पहिल्या-दुसऱ्या तारखेलाच मालकाचा माणूस व्हरांड्यात येऊन सांगतो, ‘पोरी, पंधरा हजार घे आणि मिटव.’ मिटवू नये असे मी म्हणणार नाही. चूल पेटायची असते आणि तारखांना एसटीचे भाडे पडते. पण ती रक्कम आपल्या तक्त्यातल्या ४९,२०० समोर ठेवून पाहावी, किती सोडतो आहोत ते डोळ्यांनी पाहून मगच ठरवावे. जे ठरेल ते अधिकाऱ्यासमोर लिहून घ्यावे. पैसे रोख न घेता खात्यात घ्यावेत. आणि सही, पासबुकात ती रक्कम जमा झालेली दिसल्यावरच करावी.