वेस्टकोट नको, घड्याळ हवं

आमच्या साताऱ्या-सांगलीकडे हल्ली लग्नांत एक नवीन टूम निघाली आहे. नवरदेवाला वेस्टकोट घालायचा आणि त्याच्या पोटावरून एक चकचकीत साखळी लोंबकळत ठेवायची. साखळीच्या टोकाला आजोबांचं किंवा पणजोबांचं घड्याळ, म्हणजे फडताळातल्या डब्यात, मोडक्या चष्म्याच्या आणि जुन्या किल्ल्यांच्या शेजारी चाळीस वर्षं पडून असलेलं. ते चालू आहे की बंद, याची चौकशी कुणी करत नाही. फोटोग्राफर सांगतो, "जरा वेळ बघितल्यासारखं करा." नवरदेव बघितल्यासारखं करतो. घड्याळात पावणेचार वाजलेले असतात आणि मुहूर्त असतो अकरा बत्तीसचा.

मला या प्रकाराचा राग येतो. साहेबी पोशाखाबद्दल माझी तक्रार नाही, ज्याला वैशाखात सांगलीत तीन कपड्यांचा सूट झेपतो त्याने तो खुशाल घालावा. माझं भांडण वेगळं आहे. खिशातलं घड्याळ म्हणजे वेस्टकोट आणि वेस्टकोट नाही तर घड्याळ डब्यात, ही जी समजूत आहे तिने आपल्याकडची चांगली चांगली घड्याळं मारली. काही डब्यात मेली, काही सराफाच्या तराजूत गेली आणि उरलेली आता लग्नाच्या दिवशी मरतात.

वास्तविक आपल्याकडे या घड्याळाने वेस्टकोटाची वाट कधी बघितलीच नव्हती. सगळ्यात ठळक उदाहरण गांधीजींचं. अंगात सदरासुद्धा नाही आणि घड्याळ धोतराच्या कमरेला लटकवलेलं. ते ताठ दिसावं म्हणून नव्हतं, वेळ पाळायला होतं, आणि ते दिवसातून कितीदा बघितलं जाई हे त्यांच्याबरोबर राहिलेल्यांनी लिहून ठेवलंच आहे. आपल्या भागात वेस्ट एंड वॉच कंपनीची, फेवर ल्यूबाची, नाहीतर स्वस्तातली रॉस्कॉफ बनावटीची घड्याळं सापडतात. ती वापरणारे मास्तर, तलाठी, रेल्वेतले गार्ड, पेठेतले व्यापारी होते. त्यांच्या अंगावर बंद गळ्याचा कोट असे, जाकीट असे, नाहीतर आतल्या चोरखिशाची बंडी. साखळीला जुने लोक अछोडा म्हणत. या सगळ्यात वेस्टकोट कुठे आहे?

तेव्हा पर्याय शोधायला लंडनला जायची गरज नाही. आपल्याकडचं जाकीट, जे सदऱ्यावर घालून लोक सोसायटीच्या मीटिंगलाही जातात आणि बारशालाही, ते या कामासाठी उत्तम. त्याला पुढे काजी असतात. साखळीच्या एका टोकाला जी आडवी दांडी असते ती वरून तिसऱ्या काजातून आत घालून आडवी करायची, की ओढलं तरी निघत नाही. (या पद्धतीच्या साखळीला अल्बर्ट म्हणतात, व्हिक्टोरिया राणीच्या नवऱ्याच्या नावावरून. नाव त्याचं असलं तरी काज आपल्या शिंप्याचं.) दुसऱ्या टोकाला फिरता हुक, तो घड्याळाच्या कडीत.

पण घड्याळ ठेवायचं कुठल्या खिशात, इथे बहुतेकजण फसतात. जाकिटाचा छातीवरचा खिसा उथळ असतो. आपल्याकडे लग्नकार्यात माणूस दिवसातून पन्नास वेळा वाकतो. मामांना नमस्कार, आत्यांना नमस्कार, गुरुजींना नमस्कार. वाकलं की घड्याळ खिशातून पुढे येतं आणि सुटतं. खालचे खिसे तिरके असतात आणि पंगतीत मांडी घालून बसलं की त्यांतलं घड्याळ मांडी आणि पोट यांच्यामध्ये दाबलं जातं, काच तरी तडकते नाहीतर झाकणाला पोचा पडतो. विलायती पुस्तकांत या दोन्ही गोष्टी सापडणार नाहीत, कारण ते लोक वाकून नमस्कार करत नाहीत आणि मांडी घालत नाहीत.

उपाय शिंप्याकडे आहे आणि तो स्वस्त आहे. जाकिटाच्या आतल्या बाजूला, डाव्या बरगडीवर, एक उभा खिसा शिवून घ्यायचा. साधारण पाच सेंटिमीटर व्यासाचं घड्याळ असेल तर रुंदी सात आणि खोली दहा सेंटिमीटर. अस्तर मऊ फ्लॅनेलचं. घड्याळ त्यात काच अंगाकडे करून ठेवायचं, म्हणजे बाहेरून धक्का बसला तर तो पाठीच्या धातूवर बसतो. त्या खिशात दुसरं काहीही नाही, सुटे पैसे नाहीत, किल्ली नाही, सुपारी तर मुळीच नाही. साखळी काजापासून खिशापर्यंत जाऊन थोडी सैल राहील एवढीच. मग घरातच गादी अंथरून तिच्यावर उभं राहायचं आणि समोर आजी आहे असं समजून खाली वाकायचं. घड्याळ खिशातच राहिलं तर प्रश्नच नाही. बाहेर आलंच तर ते हवेत लटकलं पाहिजे, गुडघ्याला किंवा जमिनीला लागता कामा नये. लागत असेल तर साखळीच्या दोन कड्या काढायच्या.

ज्यांना जाकीट नको त्यांच्यासाठी जीन्सचा तो छोटा खिसा आहे, जो मुळात घड्याळासाठीच होता. ढगळ जीन्स असेल तर जमतं, तंग असेल तर बसताना घड्याळ चिरडतं. बंडीचा आतला खिसा त्याहून बरा. सदऱ्याचा वरचा खिसा नकोच.

आता साखळी. लोक घाईत पैंजणाचा तुकडा लावतात. हुपरीला चांदीचं काम सुरेख होतं, पण पैंजण पायात मिरवण्यासाठी केलेलं असतं. त्याच्या बारीक कड्या मऊ चांदीच्या असतात, नुसत्या वाकवून बंद केलेल्या, आणि अडकलेलं वजन ओढलं गेलं की उघडतात. लग्नाच्या भाड्याच्या दुकानातली साखळी तर निव्वळ पत्रा. साखळी करूनच घ्यायची असेल तर सोनाराला एकच गोष्ट सांगायची, प्रत्येक कडी डाग देऊन बंद कर. तेवढा खर्च नको असेल तर सुती गोफ विणून घ्या, करदोट्यासारखा, काळा. मला स्वतःला तोच आवडतो. तो चांदीला घासत नाही, वाजत नाही आणि बसस्टँडवर चार लोकांचं लक्ष वेधून घेत नाही.

साखळीला जो लोंबता डूल असतो, तो मुळात घड्याळ खोल खिशातून ओढून काढायला होता. आता लोक त्याला वाघनख, गणपती आणि काय काय लावतात. जड डूल साखळीला सतत खाली खेचतो आणि झोका घेऊन घड्याळाच्या केसवर आपटतो. लावायचाच असेल तर 1943 ते 1947 या काळातला भोकाचा पैसा लावा. हलका आहे, भोक आयतं आहे आणि बहुतेक जुन्या घरांत एखादा सापडतोच.

एक गोष्ट मात्र साखळीच्याही आधी तपासायची, ती घड्याळाची कडी. शंभर वर्षांत साखळीने तिला आतून कापलेलं असतं आणि तिची दोन टोकं ज्या भोकांत बसतात ती भोकंही रुंदावलेली असतात. घड्याळ मुठीत धरून कडी चिमटीत हळूच पिळायची आणि बाजूला ओढायची. डुगडुगली तर फार नाही, पण एक टोक बाहेर येऊ लागलं तर ते घड्याळ साखळीला लावायचं नाही, आधी कडी बदलायची. साखळी तुटून पडलेल्या घड्याळांपेक्षा कडी निसटून पडलेली घड्याळं मी जास्त पाहिली आहेत.

माझ्या ओळखीतल्या एका घरात हेच झालं. साताऱ्याला लग्न. पणजोबांचं चांदीचं घड्याळ, नवरदेव सप्तपदीनंतर आजोबांना वाकला आणि कडी निसटून घड्याळ फरशीवर. काच शाबूत, केस शाबूत, म्हणून सगळ्यांनी हुश्श केलं. पण आडवं ठेवलं की ते टिकटिक करी आणि उभं धरलं की थांबे. हे लक्षण ओळखून ठेवा. आत जे चक्र पुढे-मागे झुलतं, त्या बॅलन्सच्या दांड्याची टोकं केसाएवढी बारीक असतात. 1930 च्या दशकात धक्का झेलणारी स्प्रिंग आली, त्याआधीच्या घड्याळात ही टोकं थेट खड्यात बसतात आणि कमरेच्या उंचीवरून पडणं त्यांना पुरतं. सांगलीत एका म्हाताऱ्या कारागिराने उघडून दाखवलं, एक टोक साफ तुटलं होतं. शिवाय तेल वाळून डांबर झालेलं. "हे पडलं नसतं तरी महिनाभर चालवलं असतं तर झिजूनच गेलं असतं," म्हणाला. नवा दांडा लेथवर घडवावा लागला. घड्याळाच्या चांदीच्या मोडीपेक्षा बिल जास्त झालं आणि घरातले एक काका लगेच म्हणाले, मग मोडच का घातली नाही?

या काकांशी माझं खरं भांडण. मोडीत केसची चांदी तेवढी मोजली जाते, आतलं यंत्र भंगारात जातं. आणि अशी हजारो यंत्रं गेली म्हणूनच आज एकाचा सुटा भाग मिळेना आणि तो घडवावा लागला. प्रत्येक मोड दुसऱ्या कुणाच्या तरी घड्याळाची दुरुस्ती महाग करते.

तेव्हा घालायच्या आधी एकदा सफाई आणि तेल. मग रोज सकाळी ठरलेल्या वेळी, अडेल तिथपर्यंत चावी. झाकणाचं घड्याळ असेल तर झाकण खटकन दाबून बंद करायचं नाही, चावीचं बोंड दाबून धरून अलगद मिटायचं, नाहीतर खटका झिजतो. आणि त्याच बाजूच्या खिशात मोबाइल नको. मोबाइलच्या स्पीकरमध्ये आणि चुंबकाच्या कव्हरमध्ये एवढं चुंबकत्व असतं की आतल्या बारीक स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ तासाला काही मिनिटं पुढे पळू लागतं. अचानक असं पळायला लागलं तर पोरांचं एखादं होकायंत्र त्याच्यावर धरून बघा. सुई टिकटिकीबरोबर थरथरली तर कारागिराकडे ते मिनिटभराचं काम आहे, घड्याळ उघडावंही लागत नाही.

मोटरसायकलवर जुनं घड्याळ अंगावर नको, हे कोरेगावच्या रस्त्याने गेलेल्याला सांगायला नको. जायचंच असेल तर रुमालात गुंडाळून, डबीत, आणि पोचल्यावर काजात अडकवायचं. पावसाळ्यातही नको. या घड्याळांना पाणी-वाफ अडवणारं रबर नसतं आणि साताऱ्याच्या पश्चिमेला आषाढात भिंतींना ओल येते, तिथे पोलादी भागांचं काय होणार! आमच्याकडे मृगाच्या आधी घड्याळ कोरड्या डबीत जातं आणि दसऱ्याला बाहेर येतं. सांगलीकडचे लोक पाऊस कमी म्हणून आणखी महिनाभर सूट घेतात, पण मग उन्हाळ्यात घामाचा प्रश्न त्यांनाच जास्त. बंडीच्या आत उघड्या अंगाला लागून ठेवलेलं घड्याळ दोन महिन्यांत आतून धुरकट झालेलं मी बघितलंय.

ते साताऱ्याचं घड्याळ आता नवरदेव शनिवार-रविवारी घालतो. जाकिटात, काळ्या गोफाला. दिवसाला दीड-दोन मिनिटं मागे पडतं. काका अजून विचारतात, किती आलं असतं म्हणे चांदीचं?