डिपॉझिट सोडून देऊ नका!

आयर्लंडमध्ये घर सोडणाऱ्या आपल्या माणसाला हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, "अरे, शेवटच्या महिन्याचं भाडंच देऊ नकोस, डिपॉझिटमधून कापून घे म्हणावं." सल्ला देणारा स्वतःला फार हुशार समजत असतो. मला मात्र तो ऐकला की चीड येते, कारण असं केलं की त्याच दिवशी तुम्ही थकबाकीदार होता. घरमालकाला डिपॉझिट ठेवून घेण्याची जी मोजकी कारणं कायद्यात आहेत, त्यात थकलेलं भाडं आहेच! मग पुढच्या वादात त्याची बाजू आपोआप वरचढ.

दुसरी जात "जाऊ दे, सोडून दे" म्हणणाऱ्यांची. व्हिसाला काही होईल, पुढचं घर मिळणार नाही, वगैरे. डिपॉझिटचा वाद हा भाडेकरू आणि घरमालक यांच्यातला दिवाणी मामला आहे, व्हिसाचा त्यात काही संबंध नाही. तो चालतो रेसिडेन्शियल टेनन्सीज बोर्डापुढे, म्हणजे आरटीबीपुढे. मालकाने घराची नोंदणी केली नसली तरी भाडेकरूला तिथे तक्रार करता येते. अ‍ॅडज्युडिकेशनच्या ऑनलाइन अर्जाची फी १५ युरो, आणि मध्यस्थी हवी असेल तर फुकट. वकील लागत नाही.

माझ्या एका मित्राची गोष्ट सांगतो. तो कॉर्कला तीन वर्षं एका घरात राहिला. डिपॉझिट १,५०० युरो. घर सोडल्यावर मालकाने ३५० परत केले आणि १,१५० ठेवून घेतले: रंगकामाचे ७००, गालिच्याचे २५०, ओव्हन साफ करण्याचे २००. मित्राने फोनवर भांडण न करता ईमेल लिहिली, 'प्रत्येक रकमेची पावती आणि फोटो पाठवा, नाहीतर चौदा दिवसांत पैसे परत करा.' उत्तर आलं नाही, तेव्हा त्याने जूनमध्ये अर्ज केला.

त्याच्याकडे काय होतं? करारपत्र, डिपॉझिट दिल्याचं बँकेचं स्टेटमेंट, शेवटच्या महिन्यापर्यंत भाडं भरल्याची नोंद, सामानाची सुरुवातीची यादी, आणि राहायला आला त्या दिवशीचे व किल्ल्या दिल्या त्या दिवशीचे फोटो. शिवाय नोटिशीची प्रत. इथे पुष्कळजण फसतात. 'एक महिना आधी सांगितलं की झालं' हा आपला समज, पण दोन ते चार वर्षं राहिलेल्या भाडेकरूने ५६ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. कमी दिलीत तर मालक उरलेल्या दिवसांचं भाडं मागू शकतो.

ऑनलाइन सुनावणी ऑक्टोबरमध्ये झाली. मुद्दा एकच, नुकसान की नेहमीच्या वापराने झालेली झीज? आणि नुकसान सिद्ध करायचं मालकाने. तीन वर्षांत भिंती मळतातच, म्हणून रंगाचे ७०० बाद. ओव्हनची पावतीच नव्हती, तेही बाद. गालिच्यावर चहाचा डाग होता, मित्राने तो कबूल केला. पण गालिचा आठ वर्षांचा जुना, त्यामुळे नव्याची किंमत काही मिळत नाही. १०० युरो मालकाला, १,०५० मित्राला. निकालावर अपील करायला कामाचे दहा दिवस असतात. ते गेल्यावर आदेश निघाला, पैसे जानेवारीत हातात. म्हणजे सात महिने! मध्यस्थीने लवकर सुटतं, पण तिथे दोघंही तयार हवेत. आदेशानंतरही मालकाने पैसे दिले नाहीत तर डिस्ट्रिक्ट कोर्टात जावं लागतं.

एक मर्यादा लक्षात ठेवा. मालकाच्याच राहत्या घरात खोली घेऊन राहत असाल, तर आरटीबी तुमची तक्रार घेत नाही. मग वाट स्मॉल क्लेम्सची. तिथे २,००० युरोपर्यंतचे दावे चालतात.

आता खरा राग कोणावर? इंग्लंड-वेल्समध्ये २००७ पासून डिपॉझिट सरकारमान्य योजनेत सुरक्षित ठेवावं लागतं. आयर्लंडच्या संसदेनेही २०१५ च्या कायद्यात तशी योजना लिहिली, पण ती अंमलात आणलीच नाही. २०२१ मध्ये डिपॉझिटवर एका महिन्याच्या भाड्याची मर्यादा घातली, ते बरं केलं. पण पैसे अजूनही मालकाच्याच खात्यात पडतात, आणि सात महिने थांबायचं भाडेकरूने. ज्याला नव्या घराचं डिपॉझिट त्याच आठवड्यात भरायचंय, तो कुठून थांबणार? म्हणूनच तो "जाऊ दे" म्हणतो, आणि मालकाला ते ठाऊक असतं.

योजना अंमलात येईल तेव्हा येईल. तोवर किल्ली हातात पडली की सामान उघडायच्या आधी प्रत्येक खोलीचे फोटो काढा, आणि ते त्याच दिवशी मालकाला ईमेल करा. मित्राच्या १,०५० युरोंमधले ७०० तर अशाच फोटोंमुळे परत आले.