वीस वर्षे, दोन पाने

वीस वर्षे नोकरी केलेल्या वरिष्ठ व्यवस्थापकाला नवी जागा शोधण्याची वेळ आली, की पहिली अडचण बायोडेट्याच्या लांबीची येते. दर बढतीला एक परिच्छेद आणि दर प्रशिक्षणाला एक ओळ जोडली जाते, जुने मात्र काहीच निघत नाही. त्यामुळे चाळिशी ओलांडेपर्यंत चार-पाच पाने भरतात. खासगी उद्योगातील व्यवस्थापकीय जागेसाठी ही पाने दोनच असावीत, असा रूढ आणि व्यवहार्य संकेत आहे. प्रश्न उरतो तो काय काढावे आणि काय राखावे, याचा.

उदाहरणासाठी हिंगणघाटच्या सूतगिरणीतील एक महाव्यवस्थापक कल्पावा. वय सेहेचाळीस, वस्त्रविद्येची पदवी, 2004 पासून सलग नोकरी. पहिली सहा वर्षे दोन गिरण्यांत पाळी-पर्यवेक्षक आणि सहायक स्पिनिंग मास्टर, 2010 ते 2016 तिसऱ्या गिरणीत उत्पादन व्यवस्थापक आणि त्यानंतर सध्याच्या जागी. गिरणीचे भवितव्य अनिश्चित आहे, मुलीचे शिक्षण चालू आहे आणि दुसऱ्या जिल्ह्यातील एका गिरणीत कारखानाप्रमुखाची जागा निघाली आहे. त्याचा बायोडेटा चार पानांचा, सुमारे 170 ओळींचा आहे. वाचनीय आकाराच्या अक्षरांत एका पानावर साधारण 45 ओळी बसतात. म्हणजे निम्म्या ओळी कमी कराव्या लागणार.

कात्री लावण्यापूर्वी ओळी कुठे खर्च झाल्या आहेत, हे मोजावे. या बायोडेट्यात पहिल्या सहा वर्षांना 40 ओळी आहेत आणि सध्याच्या जागेला 30. ज्या काळात त्याच्या हाताखाली एक पाळी होती, त्या काळाला त्याने संपूर्ण गिरणी सांभाळल्याच्या काळापेक्षा अधिक जागा दिली आहे. अशी उलटी वाटणी बहुतेक लांबलेल्या बायोडेट्यांत सापडते, कारण जुना मजकूर नवशिक्या उमेदवाराच्या उत्साहाने लिहिलेला असतो आणि पुढे त्याला कोणी हात लावत नाही. नवी गिरणी मात्र कारखानाप्रमुख शोधत आहे. तिला गेल्या दहा वर्षांत या माणसाने काय सांभाळले, हे पाहायचे आहे.

म्हणून पहिली कात्री जुन्या वर्षांवर चालते, परंतु ती वर्णनावर चालावी, नोंदीवर नव्हे. गिरणीचे नाव, गाव, पद आणि वर्षे एवढे राखून 40 ओळींच्या पाच होतात. पाने वाचवण्यासाठी एखादी नोकरीच गाळून टाकणे धोक्याचे असते. नेमणुकीपूर्वी अनेक कंपन्या पूर्वीच्या नोकऱ्यांची पडताळणी करतात आणि भविष्य निर्वाह निधीच्या खात्यातही नोकऱ्यांचा इतिहास दिसतो. बायोडेट्यात नसलेली गिरणी तेथे निघाली, तर प्रामाणिक माणसावरही काही लपविल्याचा संशय येतो.

दुसरी कात्री अशा मजकुरावर, जो सवयीने राहून गेलेला असतो. आरंभीचे ‘उद्दिष्ट’, शेवटची ‘वरील माहिती सत्य आहे’ ही प्रतिज्ञा, दहावी-बारावीच्या गुणांचा तक्ता आणि एकदिवसीय कार्यशाळांची यादी ही त्याची उदाहरणे. वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती, जात-धर्म यांचाही कारखानाप्रमुखाच्या निवडीशी संबंध नाही. आपल्याकडे विवाहासाठी आणि नोकरीसाठी दोन्ही कागदांना बायोडेटा हाच शब्द रूढ असल्यामुळे एकातील रकाने दुसऱ्यात सहज शिरतात. पदवी, संस्था आणि वर्ष यांना चार ओळी, कामाशी थेट निगडित प्रशिक्षणांना तीन आणि संगणकज्ञानाला दोन पुरतात.

तिसरी कात्री सर्वांत अवघड असते, कारण ती कर्तव्यांच्या यादीवर चालवावी लागते. ‘उत्पादनावर देखरेख, कामगारांशी समन्वय, गुणवत्ता राखणे’ हे कोणत्याही गिरणीच्या कोणत्याही व्यवस्थापकाला लागू पडते आणि म्हणून याच्याबद्दल काहीच सांगत नाही. त्या जागी कामाचा आवाका आणि घडलेला बदल यावा. उदाहरणार्थ: 25,000 चात्यांची गिरणी, 30 नंबरचे सूत, रोज सुमारे 100 क्विंटल रुईचा वापर, सुताचा उतारा शंभर किलो रुईमागे 84 किलोवरून 86 किलोवर. वाचणारा जाणकार मनातच हिशेब करतो, की तेवढ्याच रुईतून रोज दोन क्विंटल सूत अधिक निघू लागले. सात-आठ ओळींच्या कर्तव्यांपेक्षा ही एक ओळ वजनदार ठरते. मात्र उतारा नव्या यंत्रांमुळे वाढला असेल, तर ‘नव्या यंत्रसामग्रीसह’ हे शब्द हवेतच. मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच आकड्यावर येतो. ग्राहकांची नावे, त्यांना दिलेले दर आणि गिरणीचा अंतर्गत खर्च यांची जागा बायोडेट्यात नाही. ती माहिती मालकाची असते, आणि ती उघड करणारा उमेदवार उद्या आपलीही उघड करील, हे वाचणाऱ्याच्या लगेच ध्यानात येते.

या तीन कात्र्यांनंतर हिशेब असा लागतो: नाव व संपर्क तीन ओळी, सारांश पाच, सध्याची जागा 34, उत्पादन व्यवस्थापकपद 20, आरंभीची वर्षे पाच आणि शिक्षण, प्रशिक्षण, संगणक मिळून नऊ. एकूण 76. दोन पाने भरून थोडी मोकळी जागाही राहते. विशेष म्हणजे सध्याच्या जागेच्या ओळी चारने वाढल्या आहेत. कापणीचा हेतू तोच होता.

काम नीट झाले की नाही, हे पाहण्यासाठी पहिले पान मधोमध दुमडावे आणि केवळ वरचा भाग या धंद्याबाहेरच्या नातेवाइकाला वाचायला द्यावा. हा माणूस केवढे काम सांभाळतो, त्याच्या काळात काय सुधारले आणि तो कोणत्या जागेसाठी अर्ज करीत आहे, ही तीन उत्तरे त्याला देता आली पाहिजेत. देता आली नाहीत, तर अजून चुकीचा मजकूर वर आहे. अक्षरे बारीक करून किंवा समास अरुंद करून चार पानांची दोन केली असतील, तर तेही याच वेळी उघडे पडते, कारण वाचणारा कागद डोळ्यांजवळ नेऊ लागतो.

दोन पानांचा हा संकेत सर्वत्र चालत नाही. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयातील किंवा सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापकपदासारख्या जागेसाठी शोधनिबंधांची आणि अध्यापनाची संपूर्ण नोंद द्यावी लागते. तेथे दहा पानेही अयोग्य नसतात. सरकारी जागांसाठी ठरलेला नमुना असतो आणि त्यातील रकाना रिकामा ठेवल्यास अर्ज बाद होऊ शकतो.

कापलेला मजकूर मात्र फाडून टाकू नये. जुनी चार पाने तारखांसह घरी जपून ठेवावीत. उद्या दुसऱ्या गिरणीने कारखानाप्रमुखाऐवजी प्रशिक्षणप्रमुख मागितला, तर आज तीन ओळींत बसवलेली प्रशिक्षणांची यादी वर यावी लागेल आणि उताऱ्याचा आकडा खाली जाईल. पाने तेव्हाही दोनच राहतील.