चावडीवरची नोटीस आणि मोबाईलातला फोटो

नांदगाव खंडेश्वरला आमच्या ओळखीचे एक आजोबा आहेत. मुलगा आणि सून दोघेही गेले. मुलाच्या नावची शेती नातवंडांच्या नावावर चढावी म्हणून त्यांनी वारसनोंदीचा अर्ज केला. नातू जर्मनीत, नात वर्ध्याला सासरी. काही दिवसांनी चावडीवर फेरफाराची नोटीस लागली. आजोबांची नजर आता अधू, बारीक अक्षर वाचवत नाही. म्हणून त्यांनी व्हॉट्सअॅप उघडून तिथूनच नोटिशीचा फोटो काढला आणि नातवाला धाडला. पोरगा वाचून सांगेल, असा भरवसा.

नातवाला आजोबांकडून रोज शुभ सकाळचं चित्र येतं. हाही तसलाच फोटो समजून त्यानं उघडला नाही. सतराव्या दिवशी उघडायला गेला तर फोटोची मुदत संपलेली. "आबाजी, इथं त काहीच दिसत नाही." आजोबा म्हणाले, "काहून बाप्पा? मी त त्याच दिवशी धाडला होता!"

दोघांचंही खरं होतं. फोटो पाठवताना मजकूर लिहायच्या चौकटीशेजारी गोलात 1 असा आकडा दिसतो. २०२१ साली ही सोय आली. त्यावर बोट पडलं की फोटो समोरच्याला एकदाच पाहता येतो, आणि १४ दिवसांत उघडला नाही तर आपोआप नाहीसा होतो. असा फोटो पाठवणाऱ्यालाही परत उघडून पाहता येत नाही. आजोबांचं बोट चुकून तिथं पडलं होतं. मोबाईलनं सांगितलं तेच केलं.

पण गोष्ट फोटोवर थांबली नाही. जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे फेरफाराच्या नोटिशीवर हरकत घ्यायला १५ दिवस मिळतात. त्या मुदतीत कुणी हरकत घेतली नाही, की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. इथं तेच झालं. नंतर फेरफाराची नक्कल काढली तेव्हा कळलं, की वारसांत एकट्या नातवाचं नाव आहे. अर्ज भरताना वर्ध्याच्या नातीचं नाव राहूनच गेलं होतं. नातवानं फोटो वेळेत पाहिला असता तर एका साध्या लेखी हरकतीनं काम भागलं असतं.

आता काय करायचं? नाव लिहिताना अक्षराची चूक झाली असती तर कलम १५५ खाली तहसीलदारांकडे अर्ज देऊन दुरुस्ती होते. वारस सुटणं ही तशी लेखनाची चूक नव्हे. त्यासाठी उपविभागीय अधिकाऱ्यांकडे ६० दिवसांच्या आत अपील करावं लागतं. नोंद नाही म्हणून मुलीचा वारसाहक्क बुडत नाही, हे खरं. पण पीककर्ज असो की अतिवृष्टीची मदत, सातबारावर नाव नाही तोवर तिला कुणी विचारत नाही. आजोबांनी नातीला बोलावून अपिलाचे कागद जमवायला घेतले आहेत.

यातून आपण दोन गोष्टी पक्क्या कराव्यात. पहिली, नोटिशीचा फोटो आधी मोबाईलच्या साध्या कॅमेऱ्यानं काढा, म्हणजे तो आपल्याजवळ राहतो. नंतर व्हॉट्सअॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा; तसं पाठवलं की बारीक अक्षर पुसट होत नाही. पाठवल्यावर फोटोऐवजी नुसता 1 चा गोल दिसला, तर चूक झाली समजा आणि पुन्हा पाठवा. त्याच संध्याकाळी फोन करून "नोटिशीत कोणाकोणाची नावं आहेत, वाचून दाखव" असं म्हणा. पोचला का, एवढं विचारून भागत नाही.

दुसरी गोष्ट, फोटोवरच अवलंबून राहायचं कारण नाही. महाभूमीच्या संकेतस्थळावर 'आपली चावडी' नावाचं पान आहे. जिल्हा, तालुका, गाव निवडलं की गावातल्या चालू फेरफारांच्या नोटिसा आणि हरकतीची शेवटची तारीख तिथं दिसते. वर्ध्याच्या नातीलाही आपल्या मोबाईलवर ती पाहता आली असती. तिला कुणी सांगितलंच नाही, कारण शेतीचे कागद पोरानंच पाहायचे, ही आपली जुनी सवय.

तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, आणि कोतवाल यांनाही एक विनंती. वारसाचा अर्ज घेताना "मुली किती, त्यांची नावं लिहिली का?" एवढं तोंडानं विचारा. आणि चावडीवर नोटीस लावताना हरकतीची शेवटची तारीख मोठ्या अक्षरात लिहा. चष्मा नसलेल्या म्हाताऱ्यालाही ती दिसली पाहिजे.