उशाशी फोन हवा, पण सगळ्यांचा नको

गेल्या महिन्यात आमच्या दवाखान्यात एक निवृत्त शिक्षक आले. वय ६४, रक्तदाब १६०/९६. गोळी नियमित चालू, मीठ बेताचे. दुसरी गोळी वाढवण्याआधी मी झोपेची चौकशी केली. ते म्हणाले, "डॉक्टर, झोप लागते हो, टिकत नाही." रात्री साडेअकराला भजनी मंडळाच्या ग्रुपवर कोणाचा तरी व्हिडिओ, पहाटे साडेचारला 'शुभ सकाळ'. फोन उशाशी आणि आवाज पूर्ण मोठा.

निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री झोपेत दिवसापेक्षा साधारण १० ते २० टक्क्यांनी उतरतो. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना मिळणारी ही विश्रांती झोप वारंवार मोडली की पुरती मिळत नाही. गाढ झोपेचा मोठा भाग रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्शात येतो, म्हणून साडेअकराचा तो व्हिडिओ अधिक महागात पडतो.

अशा वेळी "रात्री फोन बंद ठेवा" असे सांगून मोकळे होण्याची आम्हा डॉक्टरांत रीत आहे. मला हा सल्ला पटत नाही. या गुरुजींची मुलगी नाशिकला, आठवा महिना चालू. ते फोन बंद ठेवणार नाहीत, आणि ठेवला तर काळजीने जागेच राहतील. त्यांना हवी होती दारावर पहारा देणारी सोय. ती त्यांच्या फोनमध्येच होती.

बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये Settings उघडून वरच्या शोधपट्टीत Do Not Disturb असे लिहिले की ती सापडते. तेथे Schedules मध्ये रात्री १० ते सकाळी ६ ही वेळ आणि सातही वार लावले. मग Calls मध्ये Starred contacts निवडले. म्हणजे ज्यांच्या नावापुढे चांदणी आहे, त्यांचाच फोन वाजणार. चांदणी दिली तिघांना : मुलगी, जावई आणि मुलीची शेजारीण. (काही कंपन्यांच्या फोनवर हेच शब्द थोडे निराळे असतात.) Alarms चालू राहू दिले, कारण त्यांची थायरॉईडची गोळी पहाटे पाचच्या गजरावर असते.

जावई कारखान्यात रात्रपाळीला. तेथून फोन करणे जमत नाही, निरोप मात्र टाकता येतो. म्हणून त्यांच्या निरोपाची सूचना आली तेव्हा ती दाबून धरली आणि Priority केले, आणि Conversations मध्ये Priority conversations ला परवानगी दिली. ग्रुप मात्र एकही आत घेतला नाही. गुरुजींनी भजनी मंडळासाठी थोडी रदबदली केली, पण ग्रुपला एकदा वाट दिली की आतल्या साठ माणसांना दिल्यासारखेच आहे.

लोक घाबरतात ते अनोळखी नंबरला. रुग्णालयातून नर्सने केला तर? त्यासाठी Repeat callers चालू ठेवावे. एकाच नंबरवरून १५ मिनिटांत दुसऱ्यांदा फोन आला तर तो वाजतो. आयफोनवर ही मुदत ३ मिनिटांची आहे. मात्र घरच्यांना हे सांगून ठेवायला हवे : "नाही उचलला तर लगेच परत लाव." दुसऱ्या वेळी दुसऱ्याच्या मोबाईलवरून लावला तर ही युक्ती चालत नाही.

एवढे करूनही पहिल्या रात्री मुलीचा फोन वाजला नाही. दोन कारणे निघाली. एक, ती व्हॉट्सॲपवरून करीत होती. चांदणीची सवलत साध्या कॉलला हमखास लागते, व्हॉट्सॲपच्या कॉलचा भरवसा प्रत्येक फोनवर देता येत नाही. दुसरे, गुरुजींनी "आता जपायला हवे" म्हणून झोपताना फोन हाताने सायलेंटही केला होता. अँड्रॉइडवर मूळ आवाजच बंद असेल, तर चांदणीवाल्याचा फोनही मुका राहतो. तेव्हा आवाज चालू ठेवायचा आणि अडवण्याचे काम वेळापत्रकावर सोडायचे.

म्हणून सोय लावल्यावर त्याच रात्री तपासून पाहा. दहा वाजून गेल्यावर चांदणीवाल्याला फोन करायला सांगा, तो वाजला पाहिजे. मग चांदणी नसलेल्याला एकदाच करायला सांगा, तो वाजता कामा नये. नवीन फोन घेतलात तर हे सारे पुन्हा तपासायचे. नंबर नव्या फोनमध्ये आले म्हणजे हे वेळापत्रकही आले असे समजू नका.

तीन आठवड्यांनी गुरुजींचा दाब १४६/८८ भरला. सगळे श्रेय झोपेला देणार नाही, त्यांनी मध्यंतरी लोणचेही सोडले आहे. दुसरी गोळी तूर्त थांबवली आहे, पुढची तपासणी महिन्याने. प्रसूती झाली की शेजारणीची चांदणी काढायची, असे त्यांनी स्वतःच ठरवले आहे.