लाल पाय, सुजलेला पाय

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ट्रॅक्टर आणि ट्रक भरभरून ऊसतोडीला जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत येतात. आष्टी, पाटोदा, धारूर, गेवराई, कुठल्याही तालुक्यातल्या दवाखान्यात या दिवसांत एक तक्रार हमखास येते. एका पायाची नडगी लालभडक, हात लावला तर तव्यासारखी गरम, आणि अंगात ताप. गावात याला ‘धावरं’ म्हणतात. नाव अगदी चपखल आहे, कारण लाली खरोखरच धावते. डॉक्टर याला सेल्युलायटिस म्हणतात. लाल पट्टा त्वचेच्या वरच्या थरात राहून कडा उठावदार दिसल्या, तर त्यालाच एरिसिपेलस असं वेगळं नाव आहे. उपचारात फारसा फरक नाही.

अडचण अशी की एक पाय सुजून दुखण्याचं दुसरंही एक कारण आहे. पायाच्या खोल शिरेत रक्ताची गाठ धरते, तिला डीव्हीटी म्हणतात. दोन्हींत पाय सुजतो, गरम लागतो, थोडाबहुत तापही येतो. पण एकाचं औषध दुसऱ्याच्या उपयोगाचं नाही. गाठीला धावरं समजून आठवडाभर गोळ्या खात बसलं, तर गाठीचा तुकडा सुटून फुप्फुसात जाऊन अडकू शकतो.

एकाच घरातल्या दोन बायकांचं उदाहरण घेऊ. अनेक रुग्ण पाहून मी हे चित्र जुळवलेलं आहे, कुणा एकीची ही हकीकत नाही.

खाला पंचेचाळीस वर्षांच्या आहेत आणि त्यांना चार वर्षांपासून मधुमेह आहे. फडात दिवसभर उभं राहायचं, पाचटाच्या धारेनं पोटऱ्या ओरबाडायच्या, पाय ओले राहायचे. करंगळी आणि शेजारच्या बोटाच्या फटीत चिखल्या झाल्या होत्या, टाचेला भेगा होत्या. याकडे कोण बघतं? एक दिवस खाडा झाला की मुकादमाच्या हिशोबात पैसे कापले जातात. एका सोमवारी संध्याकाळी त्यांना अचानक हुडहुडी भरली, उलटी झाली, ताप 102 वर गेला. तेव्हा पायावर काहीच दिसत नव्हतं, फक्त जांघेत दुखरी गाठ लागत होती. आपल्याकडे याला अवधाण येणं म्हणतात. घरच्यांना वाटलं मलेरिया असेल. सकाळी नडगीवर तळहाताएवढा लाल डाग होता, आणि संध्याकाळपर्यंत तो अर्ध्या पोटरीवर पसरला.

हा क्रम नीट लक्षात ठेवा. आधी थंडी-ताप आणि जांघेतलं अवधाण, मग काही तासांनी लाली. असं झालं तर तो बहुधा जंतुसंसर्गच असतो. चिखल्यांच्या किंवा भेगेच्या वाटेनं स्ट्रेप्टोकॉकस नावाचे जंतू त्वचेखाली शिरतात, कधी स्टॅफिलोकॉकसही असतात. लसिकेच्या बारीक नळ्यांतून ते वर सरकतात, म्हणून जांघेतली गाठ सुजते. कधी पायावरून वर चढणारी लाल रेघही दिसते. म्हणून डॉक्टर लाल डाग बघितला की लगेच पायाची बोटं फाकवून बघतात. दरवाजा सापडला की चोराची खात्री पटते.

दवाखान्यात खालांच्या लालीच्या कडेनं बॉलपेननं रेघ ओढली गेली आणि बाजूला तारीख-वेळ लिहिली. हे काम घरीही करता येतं, आणि दवाखान्यात जाण्याआधी केलंत तर डॉक्टरांना तुमच्या दहा वाक्यांपेक्षा ती रेघ जास्त सांगते. साखर 280 निघाली आणि उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नव्हती, म्हणून त्यांना दाखल करून शिरेतून अँटिबायोटिक दिलं. साखर ताब्यात असती, उलटी नसती आणि माणूस शुद्धीवर ठणठणीत असता, तर घरी गोळ्यांवरही भागलं असतं. साध्या धावऱ्याला बहुतेकदा पाच ते सात दिवसांचा कोर्स पुरतो, सुधारणा सावकाश असेल तर डॉक्टर तो वाढवतात.

पहिल्या दिवशी औषध सुरू झाल्यावरही लाली रेघेच्या थोडी बाहेर गेली, आणि घरचे घाबरले. तसं होतं. जंतू मरत असतात, पण त्यांच्यामुळे उठलेला दाह एकदम शमत नाही. दोन-तीन दिवसांत ताप उतरला, लाली फिकी पडून आत सरकू लागली, की औषध लागू पडलं असं समजावं. त्यानंतर कातडी सालीसारखी निघते, आणि सूज कधी काही आठवडे राहते. याउलट तिसऱ्या दिवशीही ताप आणि लाली वाढतच असतील, तर औषध बदलायचं की निदानच चुकलं, हे डॉक्टरांनी पुन्हा बघायला हवं.

पाय उशीवर, हृदयाच्या पातळीपेक्षा उंच ठेवणं हा औषधाइतकाच महत्त्वाचा भाग आहे. खाट उतरून फिरत राहिलं की सूज उतरत नाही. नमाज खुर्चीवर किंवा आडवं पडून अदा करण्याची आजारी माणसाला मुभा आहेच, तिचा वापर करावा.

आता त्याच घरातली सून. तिचं सिझेरियन होऊन अठरा दिवस झाले होते. चाळीस दिवस उठायचं नाही म्हणून सासूनं तिला मायेनं खाटेवर निजवून ठेवलं होतं. डावी पोटरी आणि मांडी दोन दिवसांपासून हळूहळू जड झाली. मग सगळा पाय जांघेपर्यंत सुजला, कातडी ताणून चकाकू लागली, रंग लालपेक्षा निळसर. ताप 99.5, हुडहुडी नाही, बोटांच्या फटी स्वच्छ, जांघेत अवधाण नाही. लालीला काठ असा नाहीच, त्यामुळे रेघ ओढायची तर कुठे, हाच प्रश्न. खालांना नुकतं धावरं झालेलं, म्हणून घरात सगळ्यांनी ठरवलं की हिलाही तेच लागलं.

इथं शिंप्याची टेप कामाला येते. गुडघ्याच्या खाली पुढच्या बाजूला हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. त्याच्या 10 सेंटीमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजायचा. दुखरा पाय 3 सेंटीमीटरपेक्षा जास्त भरला, तर शिरेतल्या गाठीचा संशय धरायचा. सुनेच्या पायात फरक 4 सेंटीमीटर निघाला. सूज धावऱ्यातही असते, म्हणून नुसत्या टेपेवर निकाल देऊ नये. पण टेपेचा आकडा, अलीकडची शस्त्रक्रिया, अठरा दिवसांचं अंथरूण आणि पूर्ण पायाची सूज एकत्र आली, की अँटिबायोटिकची चिठ्ठी लिहून घरी पाठवणं धोक्याचं आहे. पाऊल वर दाबून पोटरी दुखते का, असं बघण्याची जुनी पद्धत भरवशाची नाही, तिच्यावर विसंबू नये.

बाळंतपणात आणि नंतरच्या सहा आठवड्यांत रक्त गोठण्याची ताकद मुळातच वाढलेली असते. प्रसूतीत रक्तस्राव थांबावा म्हणून कुदरतीनं केलेली ती सोय आहे. त्यात न हलता पडून राहिलं की पोटरीचे स्नायू शिरांतलं रक्त वर ढकलत नाहीत. डावाच पाय जास्त का, यालाही कारण आहे. पोटात उजव्या पायाकडे जाणारी धमनी डाव्या पायाच्या शिरेवरून ओलांडते आणि तिला दाबते. बाळंतिणीला विश्रांती द्या, मालिश करा, डिंकाचे लाडू द्या, पण घरातल्या घरात चालू द्या. दोन खोल्यांत दहा चकरा झाल्या तरी पोटऱ्या हलतात.

तपासणीत डी-डायमर नावाची रक्तचाचणी ऐकू येते. ती कमी आली तर गाठ नाही म्हणायला उपयोगी पडते, पण या दोघींमध्ये तिचा फार उपयोग नाही, कारण संसर्गातही ती वाढते आणि बाळंतपणानंतरही वाढलेलीच असते. सुनेला हवी होती डॉपलर सोनोग्राफी. डॉक्टर मशीनचा दांडा शिरेवर दाबतात. निरोगी शीर दाबली की चपटी होते, आत गाठ असेल तर होत नाही. तपास सोपा आणि बिनदुखता आहे. तालुक्याला सोय नसेल, तर अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय जिल्ह्यातच आहे. ज्यांचं धावरं स्पष्ट दिसतं, त्या प्रत्येकाला मात्र डॉपलरची गरज नसते.

गाठ निघाल्यावर सुनेला पोटाच्या कातडीखाली हेपॅरिनची इंजेक्शनं सुरू झाली, आणि पुढे वॉरफरिनच्या गोळ्या किमान तीन महिने. हेपॅरिन आणि वॉरफरिन घेत असताना बाळाला अंगावर पाजता येतं, दूध तोडायची गरज नाही. नव्या काही गोळ्या मात्र पाजणाऱ्या आईला चालत नाहीत, म्हणून पाजत असल्याचं डॉक्टरांना आधीच सांगावं.

सुनेचा पाय चोळायचा नाही, हे घरच्यांना कळवळून सांगावं लागलं, कारण बाळंतिणीला मालिश म्हणजे नेम. सुजलेल्या, ताणलेल्या पायावर हात चालवणं गाठ सुटायला निमंत्रण ठरू शकतं. अचानक दम लागला, छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडलं, तर सकाळची वाट न बघता 108 ला फोन करा.

धावऱ्यातही एक प्रकार असा आहे की तासांत जीव जातो. वरून दिसणाऱ्या लालीच्या मानानं दुखणं भयंकर असतं. मग काळे-जांभळे डाग, फोड, आणि पुढे त्या जागेला बधिरपणा येतो. संसर्ग स्नायूंच्या आवरणापर्यंत गेलेला असतो, आणि तिथं ऑपरेशनच लागतं. गावातली ‘ताप उतरवायची सुई’ बऱ्याचदा स्टिरॉइड आणि वेदनाशामकाची असते. ती ताप आणि दुखणं दोन्ही झाकते, आणि हा धोका ओळखायचा वेळ निघून जातो.

लेप आणि दम यांच्याबद्दल विचारतात. दम करायला हरकत नाही, फक्त तो दवाखान्याच्या वाटेवर करा. पाला किंवा गेरू मात्र थापू नका, त्याखाली लाली कुठवर गेली ते दिसत नाही. आणि पाय दाखवायला संकोच वाटतो म्हणून दोन दिवस लपवून ठेवणाऱ्या बायका मी पाहते. लेडी डॉक्टर मागा, पण दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत उघडे, शेजारी शेजारी ठेवून बघणं टाळता येत नाही. दोन्ही पाय सारखेच लाल असतील, तर ते बहुधा धावरं नसतंच, शिरांमध्ये रक्त साचून आलेला तो दाह असतो.

एकदा धावरं झालेल्या पायाला ते पुन्हा होऊ शकतं. वुजूत आपण बोटांच्या फटींत खिलाल करतो, ते चांगलंच आहे. पाण्याचा दोष नाही, ओल राहते तिचा आहे. फटी सुक्या कापडानं टिपा, चिखल्यांना बुरशीची मलम आठवडे टिकवून लावा, टाचांना रात्री व्हॅसलिन लावा. वर्षात दोन-तीनदा झालं तर डॉक्टर पेनिसिलिनचा लहान डोस वर्षभर चालू ठेवतात, त्यानं पुन्हा होणं निम्म्यावर येतं.

आणि उमरा किंवा रमजानसाठी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नका. त्यात बहुतेकदा नॉरएथिस्टेरॉन असतं. मोठ्या डोसात त्याचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि त्यानं गाठीची शक्यता वाढते. आधी गाठ झालेली असेल, घरात कुणाला झालेली असेल, वजन जास्त असेल, तर डॉक्टरांना हे सांगूनच गोळी घ्या. विमानात वा एसटीत तासाला एकदा उठा, जागेवर बसून पावलं वर-खाली करा, आणि प्रवासानंतर एकच पाय सुजला तर टेप काढा.