विम्याच्या नोटिशीत आय.डी.व्ही. किती, ते आधी बघा

शेतकरी बंधूंनो, अनुदानाच्या अर्जाला जोडायला ट्रॅक्टरचे कागद मागितले की आमच्यापुढे प्लॅस्टिकची पिशवी येते. त्यात आर.सी. बुक असते, कर्जाचा उतारा असतो आणि तळाशी घडी घातलेली विम्याची नोटीस असते. त्या नोटिशीतला एकच आकडा बहुतेकांनी वाचलेला असतो, तो म्हणजे सर्वांत खाली लिहिलेली, भरायची रक्कम. आता तर ही नोटीस मोबाईलवरच येते आणि पुढच्या मिनिटाला एजंटाचा फोन येतो, "दादा, आपल्याकडे दीड हजारानं कमी बसतंय." मग कोण कशाला वरचे रकाने वाचतो? माझे म्हणणे एवढेच की हे दीड हजार कुठून कमी झाले, ते विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

नोटिशीत दोन हिशोब असतात. एक थर्ड पार्टीचा, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर त्याच्या भरपाईसाठी. हा विमा कायद्याने सक्तीचा आहे आणि त्याचे दर सरकार ठरवते, म्हणून त्यात कोणी एजंट स्वस्त-महाग करू शकत नाही. दुसरा हिशोब 'ओन डॅमेज'चा, म्हणजे तुमच्या स्वतःच्या वाहनाचा. अपघात, आग, पूर, चोरी हे सगळे यात येते. कमी-जास्त होते ते इथेच. (नुसती थर्ड पार्टी पॉलिसी घेतली असेल, तर स्वतःचा ट्रॅक्टर चोरीला गेल्यावर काही मिळत नाही, हेही अनेकांना चोरी झाल्यावरच कळते.)

या दुसऱ्या हिशोबाच्या डोक्यावर आय.डी.व्ही. लिहिलेला असतो. ट्रॅक्टर चोरीला गेला किंवा दुरुस्तीपलीकडे मोडला, तर कंपनी तुम्हाला जास्तीत जास्त किती देणार, ती ही रक्कम. दुरुस्तीचा खर्च आय.डी.व्ही.च्या 75 टक्क्यांच्या वर गेला, तर वाहन संपले असे धरतात आणि तेव्हाही हाच आकडा लागू होतो. बाजारात तुमच्या ट्रॅक्टरला काय भाव आहे, तुम्ही तो किती जपला, याचा तेव्हा उपयोग नसतो.

हा आकडा काढायची रीत ठरलेली आहे. त्याच मॉडेलची कंपनीची आजची विक्री किंमत घ्यायची, नोंदणी आणि विम्याचा खर्च सोडून, आणि वयाप्रमाणे घट धरायची. एक वर्ष उलटले की 20 टक्के, दोन उलटली की 30, तीन उलटली की 40, चार उलटली की 50. पाच वर्षांनंतर कंपनी आणि तुम्ही मिळून आकडा ठरवता, म्हणजे तिथे तोंड उघडावे लागते. ट्रॉलीची किंमत वेगळी लिहावी लागते. तो रकाना कोरा असेल, तर तुमच्या ट्रॉलीच्या नुकसानीचे काही मिळेल या भरवशावर राहू नका.

एक उदाहरण करून बघू. ट्रॅक्टरची आजची किंमत 7 लाख, नवा घेऊन दोन वर्षे झाली, बँकेचे 4 लाख कर्ज अजून बाकी. 30 टक्के घट धरून आय.डी.व्ही. येतो 4 लाख 90 हजार. ओन डॅमेजचा दर शेकड्याला दीड रुपया समजा (तुमच्या नोटिशीतला दर वेगळा असेल, तो घाला). प्रीमियम झाला 7,350 रुपये. दोन वर्षांत क्लेम नसेल, तर त्यावर 25 टक्के सूट, म्हणजे 5,512 रुपये.

आता तो स्वस्तातला एजंट काय करतो? आय.डी.व्ही. 3 लाख 90 हजार टाकतो. प्रीमियम 5,850, सूट जाऊन 4,387. तुमचे 1,125 रुपये वाचले, कर धरून आणखी थोडे. वर्षभर काही झाले नाही तर फायदाच. पण ट्रॅक्टर चोरीला गेला, तर 3 लाख 90 हजार येतात आणि आर.सी.वर बँकेचा बोजा असल्याने पहिला हात बँकेचा. सगळे पैसे बँकेत जाऊन वर 10 हजार देणे राहते. पूर्ण आय.डी.व्ही. असता तर बँकेचे फिटून सुमारे 90 हजार तुमच्या हातात पडले असते. (दोन्हीकडे ठरलेली थोडी रक्कम कंपनी कापते, ती सोडून सांगतोय.) अकराशे रुपयांसाठी लाखाचा फरक! उलटा प्रकारही असतो. आय.डी.व्ही. उगाच फुगवून घेतला म्हणून किरकोळ दुरुस्तीला जास्त पैसे मिळत नाहीत, प्रीमियम मात्र जास्त जातो.

आता ती सूट, नो क्लेम बोनस. एक वर्ष क्लेम नाही तर 20 टक्के, मग 25, 35, 45 आणि पाच वर्षांनी 50. ही सूट फक्त ओन डॅमेजच्या प्रीमियमवर मिळते, थर्ड पार्टीवर नाही. एक क्लेम केला की पुढच्या नूतनीकरणाला ती शून्यावर येते. म्हणून वरच्याच ट्रॅक्टरचे बॉनेट-दिवा फुटून 4 हजारांचे बिल झाले आणि कापाकापी होऊन अडीच हजार मिळणार असतील, तर आधी हिशोब करा. पुढच्या वर्षी आय.डी.व्ही. 4 लाख 20 हजार, प्रीमियम 6,300, त्यावरची 35 टक्के सूट म्हणजे 2,205 रुपये गेले. त्याच्या पुढच्या वर्षी 45 ऐवजी 20 टक्के मिळणार, तिथे आणखी 1,312. अडीच हजार घेऊन साडेतीन हजार घालवले. बिल 40 हजारांचे असेल, तर मात्र बोनसचा लोभ धरू नका, खुशाल क्लेम करा. विमा त्यासाठीच काढलाय.

मुदत चुकली तरी बोनस जातो. पॉलिसी संपून 90 दिवस उलटले की साठवलेले सगळे साफ. आणि त्या मधल्या दिवसांत ट्रॅक्टर बिनविम्याचा फिरतो ते वेगळेच.

गावात सर्वांत जास्त घोटाळा जुन्या ट्रॅक्टरच्या व्यवहारात होतो. बोनस माणसाचा असतो, गाडीचा नसतो. विकणाऱ्याने कंपनीकडून बोनसचा दाखला घ्यावा, तो तीन वर्षांपर्यंत त्याच्या नव्या ट्रॅक्टरला चालतो. घेणाऱ्याने मात्र शून्यापासून सुरुवात करायची. मागच्या मालकाचा 50 टक्के बोनस दाखवून कोणी पॉलिसी काढून दिली, तर ती माहिती खोटी ठरते आणि तुमच्या नुकसानीचा क्लेम नाकारायला कंपनीला कारण मिळते. एक अपवाद आहे. मालक वारला आणि ट्रॅक्टर बायको, मुले किंवा आईवडिलांकडे आला, तर बोनस त्यांना मिळतो. ग्रामसेवक आणि तलाठी भाऊसाहेबांना माझी विनंती आहे, मयताच्या घरी वारस नोंदीचे कागद करून देताना तेवढे वाहनाच्या विम्याचेही विचारा. त्या घराला ते दुसरे कोणी सांगत नाही.

कंपनी बदलायची असेल तर जरूर बदला. पण जुन्या कंपनीची नोटीस फेकू नका, नव्या कंपनीकडे बोनसचा पुरावा म्हणून तीच चालते. आणि एजंटाचा फोन आला की त्याला भाव विचारण्याआधी म्हणा, "आय.डी.व्ही. किती धरलाय, आणि बोनस किती टक्के, तेवढं लिहून पाठव."